साखर दोघांचीही २८०, मग फरक कुठे?

बारावीच्या जीवशास्त्राच्या पेपरात मधुमेहाच्या दोन प्रकारांतला फरक विचारला की बहुतेक उत्तरपत्रिकांत तीच तीन वाक्यं येतात. टाइप वन लहान मुलांना होतो, टाइप टू मोठ्यांना. टाइप वनचा रुग्ण बारीक असतो, टाइप टूचा लठ्ठ. टाइप वनला इंजेक्शन, टाइप टूला गोळ्या. ही वाक्यं अगदीच खोटी नाहीत, पण प्रत्येकाला इतके अपवाद आहेत की त्यांच्यावर उत्तर उभं करू नये. वय, वजन आणि उपचार हे सगळे परिणाम आहेत. परीक्षक कारण शोधत असतो.

संगमनेर, राहुरी, पारनेर, शेवगाव अशा तालुक्यांतल्या मुलांची अडचण थोडी वेगळीही आहे. दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून झालेलं असतं, अकरावी-बारावीला ते एकदम इंग्रजीतून येतं. मग वाक्यं पाठ होतात आणि त्यामागची साखळी डोक्यात बसत नाही. म्हणून पेपर इंग्रजीतून लिहायचा असला तरी हा विषय एकदा मराठीतून नीट समजून घ्या.

सुरुवात जेवणाच्या ताटापासून करू. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी त्यात दर १०० मिलिलिटरमागे ९० मिलिग्रॅम ग्लुकोज आहे असं धरा. गुणाकार केला तर संपूर्ण रक्तातलं ग्लुकोज भरतं साडेचार ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा. आता त्या माणसाने बाजरीच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या. त्यांत साधारण ७० ते ८० ग्रॅम कर्बोदकं असतात, बहुतेक पिष्टाच्या रूपात, आणि आतड्यात पचून पिष्टाचं ग्लुकोजच होतं. आपल्याकडे चहातली साखर बंद केलेली मंडळी भाकरी मात्र मोजत नाहीत, कारण ती गोड लागत नाही. रक्ताला चवीशी देणंघेणं नसतं. रक्तात आधी होतं त्याच्या पंधरा पटींहून अधिक ग्लुकोज पुढच्या दोन-तीन तासांत आतड्यातून आत येणार आहे. तरीही निरोगी माणसाची साखर ९० वरून १२०-१३० पर्यंत चढते आणि दोन तासांनी १४० च्या आतच सापडते. बाकीचं ग्लुकोज गेलं कुठे, हाच खरा प्रश्न आहे, आणि इन्सुलिनचं काम म्हणजे त्याचं उत्तर.

स्वादुपिंडात पाचक रस तयार करणाऱ्या पेशींच्या मध्ये लँगरहॅन्सची द्वीपकं विखुरलेली असतात. त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात आणि अल्फा पेशी ग्लुकॅगॉन. बीटा पेशीला साखर वाढल्याचा निरोप मेंदूकडून यावा लागत नाही. रक्तातलं ग्लुकोज थेट तिच्या आत शिरतं, तिथे त्याचं ज्वलन होतं, त्या ऊर्जेमुळे पेशीच्या पटलावरचे पोटॅशियमचे मार्ग बंद होतात, कॅल्शियम आत येतं आणि आधीच तयार करून ठेवलेलं इन्सुलिन रक्तात सुटतं. साखर मोजणारी आणि साखरेवर उपाय करणारी पेशी एकच आहे. ही गोष्ट उत्तरात एका वाक्यात आली तरी परीक्षकाला कळतं की मुलाला विषय समजला आहे.

पुढची पायरी बहुतेक पुस्तकं कुलूप-किल्लीच्या उपमेने सांगतात. उपमा चांगली आहे, पण ती अर्धवट वापरल्यामुळे चुका होतात. इन्सुलिन म्हणजे किल्ली खरी, पण ती ज्या कुलपात बसते ते रिसेप्टर नावाचं प्रथिन आणि ज्या दारातून ग्लुकोज आत जातं ते दार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्नायूच्या आणि चरबीच्या पेशींत ही दारं, म्हणजे ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिनं, एरवी पेशीच्या आत छोट्या पिशव्यांत ठेवलेली असतात. इन्सुलिन बाहेरून रिसेप्टरला चिकटलं की आत निरोपांची एक साखळी सुरू होते आणि तिच्या शेवटी त्या पिशव्या पृष्ठभागावर येऊन दारं बसवतात. इन्सुलिन ग्लुकोजला धरून आत नेत नाही आणि स्वतः साखर जाळतही नाही. ‘इन्सुलिन साखरेचं विघटन करतं’ असं वाक्य दर वर्षी वाचायला मिळतं. त्याला गुण देता येत नाहीत.

यकृताचं प्रकरण थोडं निराळं आहे. यकृताच्या पेशींत ग्लुकोज शिरायला इन्सुलिनची गरज नसते, तिथली दारं कायम उघडी असतात. इन्सुलिन तिथे दोन कामं करतं. आलेल्या ग्लुकोजचं ग्लायकोजेन करून साठवणाऱ्या विकरांना ते चालना देतं आणि यकृताला नवीन ग्लुकोज रक्तात सोडण्यापासून थांबवतं. दुसरं काम मुलं नेहमी विसरतात. उपाशीपोटी, रात्रभर काही न खाता, मधुमेही माणसाची साखर सकाळी चढलेली का असते? कारण त्याचं यकृत रात्रभर ग्लुकोज सोडत राहिलेलं असतं आणि त्याला ‘पुरे’ म्हणणारं कुणी नसतं.

निरोगी माणसात जेवणानंतर तीन-चार तासांनी साखर खाली येऊ लागते, इन्सुलिन कमी होतं आणि अल्फा पेशी ग्लुकॅगॉन सोडतात. यकृत साठवलेलं ग्लायकोजेन फोडून ग्लुकोज परत करतं. मेंदूला तासाला साधारण पाच ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे रक्तातला साडेचार ग्रॅमचा साठा एकट्या मेंदूलाही तासभर पुरणार नाही. यकृताने हात आखडता घेतला तर आपण दोन जेवणांमधला वेळसुद्धा काढू शकणार नाही. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. ग्लायकोजेन स्नायूंतही असतं, यकृतापेक्षा जास्तच असतं, पण स्नायू ते रक्ताला परत देऊ शकत नाहीत, कारण त्यासाठी लागणारं शेवटचं विकर त्यांच्याकडे नाही. म्हणून ग्लुकॅगॉनचं काम लिहिताना यकृताचं नाव लिहा, ‘स्नायू व यकृत’ असं लिहू नका. साखर वाढली की इन्सुलिन, इन्सुलिनमुळे साखर कमी, साखर कमी झाली की इन्सुलिनही कमी: या फेऱ्याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात, आणि हे नाव उत्तरात हवंच.

आता हा फेरा दोन ठिकाणी तुटू शकतो. पहिलं ठिकाण बीटा पेशी. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा, मुख्यतः टी पेशी, स्वतःच्याच बीटा पेशींवर हल्ला करते आणि त्या नष्ट होतात. इन्सुलिन तयारच होत नाही किंवा अगदी नाममात्र होतं. हा टाइप वन. साखर खाल्ल्याने तो होत नाही. संगमनेर-राहुरीसारख्या साखर कारखान्यांच्या भागात मुलाला मधुमेह निघाला की शेजारीपाजारी आईला ‘फार गोड खाऊ घातलंस’ म्हणून बोल लावतात, ते निखालस चूक आहे. दुसरं ठिकाण आहे इन्सुलिन ज्यांच्यासाठी सुटतं त्या पेशी. इन्सुलिन येतं, रिसेप्टरला चिकटतं, पण आतली निरोपांची साखळी नीट चालत नाही, दारं पुरेशी बसत नाहीत आणि यकृतही थांबत नाही. याला इन्सुलिन रोध म्हणतात आणि टाइप टूची सुरुवात इथे होते. सुरुवातीच्या काळात अशा माणसाच्या रक्तात इन्सुलिन नेहमीपेक्षा जास्त असतं, कारण बीटा पेशी जोर लावून तूट भरून काढतात. पुढे वर्षांमागून वर्षं हा ताण सोसून त्या थकतात, इन्सुलिन अपुरं पडू लागतं आणि मग साखर चढते. म्हणजे टाइप टू व्हायला दोन्ही गोष्टी लागतात, रोध आणि थकलेल्या बीटा पेशी. म्हणूनच टाइप टूच्या कित्येक रुग्णांना काही वर्षांनी इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. इंजेक्शन सुरू झालं म्हणून टाइप टूचा टाइप वन होत नाही.

हे दोन आजार वेगळे आहेत हे कळायला बराच काळ गेला. टोरांटोत ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. त्याच गटातले जीवरसायनशास्त्रज्ञ कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर २३ जानेवारीला पुन्हा दिला, तेव्हा मुलाची साखर उतरली आणि लघवीतले कीटोन गेले. एकच पदार्थ कमी होता आणि तो दिल्यावर सगळं बदललं, इतका स्वच्छ पुरावा वैद्यकात क्वचित मिळतो. पण इन्सुलिन सगळ्यांवर सारखं चालेना. १९३६ मध्ये लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी रुग्णांना तोंडाने ग्लुकोज आणि त्याच वेळी शिरेतून इन्सुलिन दिलं. काहींची साखर चढलीच नाही, दिलेल्या इन्सुलिनने ती दाबून धरली. काहींची मात्र इन्सुलिन देऊनही चढत गेली. पहिल्यांत इन्सुलिनची उणीव होती, दुसऱ्यांत इन्सुलिन असूनही त्याचं चालत नव्हतं. आज आपण टाइप वन आणि टाइप टू म्हणतो त्या विभागणीचं मूळ या प्रयोगात आहे. आणि बघा, त्यात वय किंवा वजन मोजून गट पाडलेले नाहीत, शरीर इन्सुलिनला काय उत्तर देतं यावर पाडले आहेत.

आता एक उदाहरण सोडवू. परीक्षेत असा प्रश्न आला असं समजा. दोन रुग्ण आहेत, दोघांचीही उपाशीपोटीची साखर २८०. पहिला बारा वर्षांचा मुलगा. तीन आठवड्यांपासून त्याला सारखी तहान लागते, रात्री तीन-चारदा लघवीला उठतो, भरपूर जेवूनही वजन पाच किलोने उतरलंय, आणि लघवीत कीटोन आहेत. दुसऱ्या बाई सेहेचाळीस वर्षांच्या, हाडापेराने सडपातळ, पोट मात्र सुटलेलं. वर्षभर थकवा आहे, पायाची जखम लवकर भरत नाही, लघवीत कीटोन नाहीत.

साखरेचा आकडा दोघांचा सारखाच आहे, म्हणून त्यावरून प्रकार ओळखता येत नाही. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, एवढंच तो सांगतो. तहान आणि लघवीनेही फार काही कळत नाही. साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला सगळं ग्लुकोज परत शोषून घेता येत नाही, ते लघवीत उतरतं आणि जाताना पाणी ओढून नेतं. म्हणून लघवी जास्त आणि म्हणून तहान. लघवीच्या जागी मुंग्या लागतात ही खेड्यातल्या जुन्या माणसांची खूण याचीच. हे दोन्ही प्रकारांत घडतं.

खरा धागा आहे कीटोन आणि वजन. इन्सुलिनचं आणखी एक काम असतं, चरबीच्या पेशींना चरबी फोडू न देणं. या कामाला फार थोडं इन्सुलिन पुरतं, स्नायूंची दारं बसवायला लागतं त्यापेक्षा कितीतरी कमी. बाईंच्या रक्तात इन्सुलिन आहे, त्याचा परिणाम कमी होतोय एवढंच. चरबी आवरून धरण्याइतका तरी तो होतोच. म्हणून त्यांच्यात कीटोन नाहीत. मुलाकडे तेवढंही इन्सुलिन नाही. त्याची चरबी बेलगाम फुटते, तिच्यातली मेदाम्लं यकृतात जातात आणि यकृत त्यांचे कीटोन बनवतं. स्नायूंतली प्रथिनंही तुटतात. खाल्लेलं ग्लुकोज लघवीतून जातं आणि अंगातला साठा झिजतो, म्हणून भरपूर खाऊनही वजन उतरतं. कीटोन आम्लधर्मी असतात. ते साठत गेले की रक्त आम्लधर्मी होऊ लागतं, मग उलट्या, पोटदुखी, खोल आणि भरभर श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास. ही अवस्था काही तासांत जिवावर बेतते. पोटदुखी-उलटी म्हणून पित्ताची गोळी देऊन मुलाला घरी ठेवण्यात फार मोठा धोका आहे. तहान, वारंवार लघवी आणि उतरतं वजन हे तिन्ही एखाद्या मुलात दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन साखर तपासा.

म्हणजे मुलगा टाइप वन आणि बाई टाइप टू. खात्री करायची तर दोन तपासण्या आहेत. बीटा पेशींविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात सापडली तर हल्ला रोगप्रतिकारक यंत्रणेचा आहे हे कळतं. दुसरी सी-पेप्टाइडची. बीटा पेशीत इन्सुलिन तयार होताना एका लांब साखळीतून सी-पेप्टाइड नावाचा तुकडा कापून वेगळा होतो, आणि जितके इन्सुलिनचे रेणू तितकेच त्याचे. रुग्ण बाहेरून इन्सुलिन घेत असला तरी सी-पेप्टाइड त्याच्या स्वतःच्या बीटा पेशींचा हिशेब सांगतं.

त्या बाई सडपातळ असल्याचं मी मुद्दाम घातलंय, कारण इथेच मुलं चकतात आणि लठ्ठ नाही म्हणून टाइप वन लिहून मोकळी होतात. आपल्या लोकांत हा नियम चालत नाही, आणि ते दाखवणारं काम शेजारच्या पुण्यात झालं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता, म्हणजे लठ्ठ कुणीच नाही. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. वजनाच्या काट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. ग्लुकोज ओढून घेणारे स्नायू कमी आणि पोटाच्या आत चरबी जास्त, अशा शरीरात इन्सुलिन रोध बारीक दिसणाऱ्या माणसातही येतो. याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. इतका फरक असूनही आपल्या बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती, कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. म्हणजे हा शरीराचा घाट जन्मापासूनच दिसतो.

पेपरात एवढं सगळं लिहायला जागा नसते, वेळही नसतो. तीन-चार गुणांचं उत्तर साधारण असं पुरेसं आहे:

‘जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढते तेव्हा लँगरहॅन्सच्या द्वीपकांतील बीटा पेशी इन्सुलिन स्रवतात. त्यामुळे स्नायू व चरबीच्या पेशी ग्लुकोज आत घेतात, यकृत ग्लायकोजेन साठवते व ग्लुकोज सोडणे थांबवते. साखर उतरली की इन्सुलिन कमी होते व अल्फा पेशींच्या ग्लुकॅगॉनमुळे यकृत ग्लुकोज मुक्त करते. हे निगेटिव्ह फीडबॅकचे उदाहरण आहे. टाइप वनमध्ये स्वतःच्या रोगप्रतिकारक यंत्रणेमुळे बीटा पेशी नष्ट होतात, इन्सुलिन जवळजवळ नसते, चरबी फुटून कीटोन तयार होतात आणि जगण्यासाठी इन्सुलिन घ्यावेच लागते. टाइप टूमध्ये इन्सुलिन असते, पण पेशींचा प्रतिसाद कमी असतो. पुढे बीटा पेशी थकून ते अपुरे पडते. आहार, व्यायाम व गोळ्यांनी सुरुवात होते, पुढे इन्सुलिन लागू शकते. टाइप वन बहुधा लहान वयात व टाइप टू बहुधा प्रौढ वयात आढळतो, पण वयावरून प्रकार ठरत नाही.’

वेळ उरला तर आलेख काढा, पण बरेच जण काढतात तो नव्हे. रक्तातल्या साखरेच्या आलेखात टाइप वन आणि टाइप टूच्या रेषा जवळजवळ सारख्याच दिसतात, दोन्ही उंचावरून सुरू होऊन आणखी वर जाणाऱ्या. त्याऐवजी आडव्या अक्षावर जेवणानंतरचे तास आणि उभ्या अक्षावर रक्तातलं इन्सुलिन घ्या. निरोगी माणसाची रेषा अर्ध्या-पाऊण तासात चढते आणि दोन-तीन तासांत उतरते. टाइप टूच्या सुरुवातीच्या काळातली रेषा आधीच वरून सुरू होते, उशिरा शिखर गाठते आणि बराच वेळ वरच राहते. टाइप वनची रेषा तळाशी सपाट धावते. प्रत्येक रेषेच्या टोकाला नाव लिहायला विसरू नका.